लाइन आली की इनकमर का पडतो? ट्रान्सफॉर्मरचा इनरश आणि वरच्या रिलेची सेटिंग

मे-जूनमध्ये नागपूरला संध्याकाळी वादळ उठलं की हिंगणा म्हणा, बुटीबोरी म्हणा, एमआयडीसीतली लाइन एकदा तरी जातेच. ती गेली याचं कोणाला फारसं काही वाटत नाही. डोकं तेव्हा फिरतं जेव्हा अर्ध्या तासाने लाइन येते, शेजारच्या कंपनीत दिवे लागतात आणि आपल्याकडे ११ केव्हीचा इनकमर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनवरचा मुख्य ब्रेकर, धाडकन पडतो. रिलेवर इन्स्टंटेनियस ओव्हरकरंटचं लाल इंडिकेशन. ऑपरेटर फोनवर सांगतो, "साहेब, काऊन पडून राहिला काही समजत नाही, मेगर बरोबर आहे, वास नाही, धूर नाही." मग दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे ब्रेकर ऑफ करून इनकमर लावतात, एकेक ट्रान्सफॉर्मर चार्ज करतात आणि सगळं गुपचूप लागतं. पुढच्या वादळात परत तेच.

यात एक कोडं आहे. फॉल्ट असता तर हाताने चार्ज करतानाही पडायला पाहिजे होता. मग लाइन आपोआप आली तरच का पडतो? हे सोडवलं की इनरश आणि प्रोटेक्शनचा निम्मा विषय समजतो, म्हणून हाच प्रकार धरून पुढे जाऊ.

आधी इनरश म्हणजे काय ते. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधला फ्लक्स हा व्होल्टेजचा साठत गेलेला हिशोब असतो, म्हणजे व्होल्टेज जोवर पॉझिटिव्ह आहे तोवर फ्लक्स वर चढत राहतो आणि निगेटिव्ह झालं की खाली उतरतो. रोजच्या चालू अवस्थेत तो उणे टोकापासून अधिक टोकापर्यंत जातो-येतो, मधे शून्य. कोअर डिझाइन करणाऱ्याने ते टोक साधारण १.७ टेस्लाच्या आसपास ठेवलेलं असतं कारण सीआरजीओ लोखंड २ टेस्लाच्या आसपास पूर्ण भरतं, त्यापुढे त्यात काही मावत नाही. आता समजा ब्रेकर नेमका व्होल्टेज शून्यातून वर जाताना लागला. फ्लक्सला पूर्ण अर्धी सायकल वर चढायला मिळाली, पण सुरुवात उणे टोकापासून नाही, शून्यापासून झाली. म्हणजे तो नेहमीच्या टोकाच्या दुप्पट वर जाणार. त्यात मागच्या वेळी बंद करताना कोअरमध्ये उरलेला फ्लक्स त्याच दिशेचा असेल तर तोही वर जमा होतो आणि तो नेहमीच्या टोकाच्या ७०-८० टक्केही असू शकतो. सगळं मिळून २.७ पट धरा, म्हणजे मागणी झाली साडेचार टेस्लाची. लोखंड देतं दोन. उरलेला फ्लक्स हवेतून उभा करावा लागतो आणि त्यासाठी कॉइलला प्रचंड करंट ओढावा लागतो, कारण कोअर भरल्यावर ती कॉइल नुसती तांब्याची गुंडाळी उरते.

हे प्रत्येक सायकलमध्ये थोड्याच वेळापुरतं होतं. फ्लक्स वरच्या टोकाला असतो तेवढ्यात करंटचा एक उंच सुळका येतो, मग फ्लक्स खाली आला की करंट जवळजवळ शून्य. म्हणून इनरशची वेव्ह नेहमीच्या साइनसारखी वरखाली नसते, एकाच बाजूला सुळके, मधे सपाट जागा, आणि प्रत्येक सुळका मागच्यापेक्षा थोडा बुटका. वाइंडिंगचा आणि सप्लायचा रेझिस्टन्स त्याला हळूहळू खाऊन टाकतो. एक एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काही दशांश सेकंदात जोर ओसरतो, मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये कितीतरी सेकंद चालतो. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे कुठल्याही क्षणी ब्रेकर लावा, एका तरी फेजचं नशीब वाईट असतंच. किती वाईट, ते मात्र दरवेळी वेगळं, आणि म्हणूनच "परवा लागला होता, आज नाही लागत" असं होतं.

आता आकडे घेऊ. उदाहरण असं धरा, हिंगण्यातली एक मध्यम कंपनी, ११ केव्ही सप्लाय, कॉन्ट्रॅक्ट डिमांड १५०० केव्हीए, एक इनकमर व्हीसीबी आणि त्याखाली १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाला स्वतःचा व्हीसीबी. ११/०.४३३ केव्ही, डीवायएन ११, नेमप्लेटवर इम्पिडन्स ५ टक्के. एलटीचा, म्हणजे ४३३ व्होल्टच्या बाजूचा, बस कपलर इंटरलॉकमुळे उघडाच, म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मर एलटीला पॅरलल चालत नाहीत. एका ट्रान्सफॉर्मरचा एचटी, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूचा, फुल लोड करंट ५२.५ अँपिअर. इनकमरचा सीटी, म्हणजे रिलेसाठी करंट लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर, १००/१. कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा करंट ७९ अँपिअर येतो, म्हणून ज्याने कोणी सेटिंग दिली त्याने आयडीएमटीचा, म्हणजे करंट जितका जास्त तितक्या लवकर पाडणाऱ्या स्टेजचा, पिकअप १०० अँपिअर ठेवला, टाइम मल्टिप्लायर ०.१, आणि न थांबता पाडणारा इन्स्टंटेनियस हायसेट ७९ च्या पाचपट धरून गोल आकडा ४०० अँपिअर. कागदावर हे अगदी शहाणपणाचं दिसतं. लोडच्या पाचपट म्हणजे फॉल्टच असणार, अजून काय!

इनरश किती येणार? अशा डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरचा पहिला सुळका वाईटात वाईट वेळी फुल लोडच्या पीकच्या १२ पट धरायची पद्धत आहे. ५२.५ चा पीक ७४ अँपिअर, त्याच्या १२ पट म्हणजे जवळपास ८९० अँपिअरचा सुळका. हा आकडा पाहून बरेच जण घाबरतात आणि थेट ८९० ची तुलना ४०० शी करतात, तर तसं नाही. रिले काय मोजतो ते आधी बघा. आजचे न्यूमेरिकल रिले बहुतेक करून करंटमधला फक्त ५० हर्ट्झचा भाग वेगळा काढून त्याची आरएमएस किंमत बघतात, डीसी आणि हार्मोनिक फेकून देतात. एकतर्फी अर्धसुळक्यामध्ये ५० हर्ट्झचा भाग सुळक्याच्या फार तर निम्मा असतो, म्हणजे ४४५ चा पीक, त्याचा आरएमएस ३१५ अँपिअर. म्हणजे रिलेच्या डोळ्याला एक ट्रान्सफॉर्मरचा इनरश जास्तीत जास्त फुल लोडच्या सहापट दिसतो. (जुना इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले असेल तर हा हिशोब सोडा. त्याच्या इन्स्टंटेनियस युनिटचं आर्मेचर डीसीसकट सगळ्या करंटने ओढलं जातं, त्याला अख्खा सुळका लागतो. आणि काही न्यूमेरिकल रिलेमध्येही हायसेट वेगाने चालावा म्हणून पीकवर मोजायचा पर्याय असतो, तो कुठल्या मोडवर आहे हे मॅन्युअल उघडून बघायचंच.)

तर एक ट्रान्सफॉर्मर, ३१५ अँपिअर, सेटिंग ४००. नाही पडणार. हाताने एकेक चार्ज करताना सगळं गुपचूप का लागतं त्याचं उत्तर हे.

आता लाइन जाते तेव्हा काय होतं बघा. ११ केव्हीचा व्हीसीबी शंट ट्रिप कॉइलवर असतो, त्याला पाडायला बॅटरीचा डीसी आणि कोणाचा तरी हुकूम लागतो. नुसती लाइन गेली म्हणून तो पडत नाही, आणि अंडरव्होल्टेज ट्रिप दिलेली नसेल तर इनकमर आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे ब्रेकर तसेच लागलेले राहतात. अर्ध्या तासाने सबस्टेशनमधून फीडर चार्ज होतो आणि त्याच क्षणी आपले दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकदम चार्ज होतात. दोघांना व्होल्टेजचा कोन एकच, दोघेही गेले त्याच क्षणी म्हणजे उरलेला फ्लक्सही बऱ्याचदा एकाच दिशेचा. दोघांचे सुळके एकावर एक बसतात आणि इनकमरच्या रिलेला दिसतात ३१५ अधिक ३१५, म्हणजे ६३० पर्यंत. फीडर लांबचा आणि सप्लाय कमजोर असेल तर एवढा जाणार नाही, कारण करंट ओढला की व्होल्टेजच बसतं, पण ४०० ओलांडायला ६३० लागतच नाही. ४५० आला तरी खेळ खल्लास, आणि इन्स्टंटेनियस असल्यामुळे थोड्याच सायकलमध्ये ब्रेकर बाहेर.

म्हणजे रिले बिघडलेला नाही आणि ट्रान्सफॉर्मरही नाही. ज्या आकड्यावर सेटिंग काढली तो आकडाच चुकीचा घेतला. हायसेट काढताना कॉन्ट्रॅक्ट डिमांडला काही अर्थ नाही. बघायला पाहिजे की एका झटक्यात किती केव्हीए लोखंड चार्ज होऊ शकतं.

पण हे इनरशच होतं हे सिद्ध कसं करायचं? मी तर म्हणतो अंदाजाने सेटिंग वाढवण्यासारखं धोक्याचं काही नाही, कारण एखाद वेळी खरंच केबल बॉक्समध्ये काहीतरी असतं. न्यूमेरिकल रिले असेल तर त्यात डिस्टर्बन्स रेकॉर्ड असतो, लॅपटॉप लावून तो काढायचा आणि करंटची वेव्ह डोळ्यांनी बघायची. इनरश असेल तर एकाच बाजूला सुळके, मधे सपाट, उंची उतरत चाललेली, तिन्ही फेजमध्ये वेगवेगळा आकार, आणि दुसऱ्या हार्मोनिकचं प्रमाण भरपूर, कुठल्या तरी फेजमध्ये सहज ३०-४० टक्के. शॉर्ट सर्किट असेल तर करंट दोन्ही बाजूंना भरीव साइन, सुरुवातीला थोडा एका बाजूला सरकलेला असेल पण मधे सपाट जागा नाही, आणि सोबत त्या फेजचं व्होल्टेज बसलेलं. एकदा दोन्ही रेकॉर्ड शेजारी ठेवून बघितले की परत कोणाला विचारावं लागत नाही.

अजून एक गोष्ट इनरशमध्ये मिसळू नका. लांब वेळ लाइन गेल्यावर येते तेव्हा नागपूरच्या उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर, एसी, पंप एकदम सुरू होतात आणि फीडरचा लोड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होतो. तो जास्तीचा लोड कित्येक मिनिटं टिकतो, इनरश सेकंदाच्या आत संपत येतो. ब्रेकर पहिल्या काही सायकलमध्ये हायसेटवर पडला तर संशय इनरशवर, काही सेकंद किंवा मिनिटं थांबून आयडीएमटीवर पडला तर तो लोड आहे. इंडिकेशन रिसेट करायच्या आधी कुठलं आलं ते लिहून ठेवलं तर निम्मं काम तिथंच होतं, पण ऑपरेटर लोक आधी रिसेट दाबतात, राजेहो, मग फोन करतात.

बरं, आता सेटिंग किती करायची. खालची मर्यादा झाली ६३०, त्याच्या वर जायचं. पण एवढ्यावर थांबून ७०० ठेवलं तर दुसरी अडचण, एलटी साइडचा फॉल्ट. ट्रान्सफॉर्मरच्या एलटी टर्मिनलला तीन फेजचा फॉल्ट झाला तर एचटीला किती करंट येईल? ५ टक्के इम्पिडन्स म्हणजे फुल लोडच्या २० पट, १०५० अँपिअर, सप्लायचा इम्पिडन्स धरला तर अजून थोडा कमी. समजा ११ केव्हीचा फॉल्ट लेव्हल २५० एमव्हीए आहे तर ९७० च्या आसपास. हायसेट ७०० असेल तर एलटी पॅनलमधल्या फॉल्टला एलटीचा ब्रेकर म्हणजे एसीबी आणि एचटीचा इनकमर दोघेही एकदम धावणार आणि एका ट्रान्सफॉर्मरच्या फॉल्टपायी दुसरा अर्धा कारखानाही काळोखात. म्हणून हायसेट या थ्रू-फॉल्टच्याही वर नेतात, १०५० च्या २५ टक्के वर, म्हणजे १३०० अँपिअर. रिलेमध्ये ते I>> च्या समोर सीटीच्या १३ पट म्हणून भरायचं. इनरशपासून दुप्पट लांब, एलटी फॉल्टपासूनही लांब.

लोक इथे विचारतात, एवढं वर नेलं तर प्रोटेक्शन गेलं ना? नाही गेलं. २५० एमव्हीए म्हणजे ११ केव्ही बसवर किंवा केबलमध्ये फॉल्ट झाला तर १३ हजार अँपिअर येतात, हायसेटच्या दहापट. हायसेट ४०० वर असो की १३०० वर, एचटीचा खरा फॉल्ट तेवढ्याच वेगाने सापडतो. आणि एलटी बसवरचा १००० अँपिअरचा फॉल्ट आयडीएमटीकडे जातो, स्टँडर्ड इन्व्हर्स, पिकअप १००, टाइम मल्टिप्लायर ०.१ ला दहापट करंटवर ०.३ सेकंदात पाडतो, म्हणजे खालच्या एसीबीला आधी संधी मिळते. इनरशचं काय? ६३० कायम राहिला असता तर त्याच कर्व्हने ०.३७ सेकंदात पाडलं असतं, पण तोवर इनरश बराच उतरलेला असतो आणि आयडीएमटी अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. टाइम मल्टिप्लायर मात्र कोणी ०.०५ करून ठेवला असेल तर हा वेळ निम्मा होतो आणि मग हायसेट कितीही वर नेला तरी आयडीएमटीवर पडायची भीती उरतेच.

सीटीकडे पण एक नजर टाका. ५पी१० असं लिहिलेलं असेल तर त्याची हमी पूर्ण रेटेड बर्डनवर फक्त दहापट करंटपर्यंत आहे आणि आपण मागतोय १३ पट. न्यूमेरिकल रिलेचा बर्डन नगण्य असल्यामुळे प्रत्यक्षात सीटी याच्या खूप पुढे जातो, पण सीटी ते पॅनल वायर लांब असेल तर हिशोब करून घ्यावा.

आता खरी गुंतागुंत, कारण आपल्या इनकमरच्या वर महावितरणच्या सबस्टेशनमधला फीडर रिले बसलाय. आपण १३०० म्हटलं आणि वरच्याचा हायसेट १२०० निघाला तर आपल्या आवारातल्या फॉल्टला अख्खा फीडर पडणार आणि त्या फीडरवरचे सगळे शेजारी आपल्या नावाने खडे फोडणार. म्हणून वरची सेटिंग लेखी मागून घ्यायची आणि मगच आपली ठरवायची. वरचा १६०० असेल तरी १३ हजारांच्या फॉल्टला दोघंही सुटतील, आकड्याच्या फरकाने तिथे काही वाचत नाही, वरच्याला पाव सेकंदाचा डिले असेल तरच खालचा आधी पडतो. आणि वरचा १००० च असेल तर माझं मत असं की आपण ८०० घ्यावं. ६३० च्या वर आहे, इनरशला थारा देतो, एलटी बसच्या फॉल्टला एसीबीच्या आधी इनकमर पडू शकेल हा तोटा आहे, पण आपल्या पोटात तोटा घेतलेला बरा, फीडर पाडण्यापेक्षा. तोही हमखास वाचेल असं नाही, एलटी टर्मिनलचाच फॉल्ट असेल तर करंट वरच्या १००० ला जाऊन टेकतोच.

फीडर रिलेची स्वतःची पण हीच कथा आहे, फक्त मोठी. एका फीडरवर समजा ५००० केव्हीएचे ट्रान्सफॉर्मर लटकलेत, लाइन गेल्यावर कोणी त्यांना उघडत नाही, आल्यावर सगळे एकदम चार्ज. फुल लोड २६२ अँपिअर, सहापट केलं तर दीड हजाराच्या वर, जरी लाइनच्या इम्पिडन्समुळे आणि सगळ्यांचा उरलेला फ्लक्स सारखा नसल्यामुळे प्रत्यक्षात याहून बराच कमी येतो. फीडर वाढत जातो, ट्रान्सफॉर्मर जोडले जातात, सेटिंग मात्र जुनीच राहते, आणि मग एक दिवस फीडर होल्डच होत नाही. लाइनवर काही सापडत नाही, मधला एबी स्विच उघडून अर्धा-अर्धा चार्ज केला की लागतो. दोन्ही अर्धे वेगवेगळे लागत असतील आणि एकत्र लागत नसतील तर फॉल्ट शोधत उन्हात फिरण्याआधी सेटिंग बघा.

अर्थ फॉल्टचं इंडिकेशन आलं तर गंमत वेगळी आहे. आपला ट्रान्सफॉर्मर एचटीला डेल्टा आहे, त्यात न्यूट्रलचा रस्ताच नाही, म्हणजे चार्जिंगच्या वेळी खरा अर्थ करंट वाहूच शकत नाही. तरी अर्थ फॉल्टवर पडतो, कारण एकतर्फी सुळक्यातला डीसी एखाद्या फेजचा सीटी भरवून टाकतो, तो कमी करंट दाखवतो, आणि तिन्ही सीटींची बेरीज शून्य येण्याऐवजी काहीतरी खोटंच उरतं. मेगर बरोबर असेल, एचटी डेल्टा असेल, आणि पडायची वेळ नेमकी चार्जिंगची असेल तर आधी हाच संशय. उपाय म्हणजे अर्थ फॉल्टच्या हायसेटला ०.१ ते ०.२ सेकंदाचा डिले, किंवा तिन्ही कोअर एकाच रिंगमधून जाणारा कोअर बॅलन्स सीटी, ज्याच्यात बेरीज तांब्यात नाही तर थेट लोखंडात होते.

सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंगबद्दल हमखास विचारतात. बऱ्याच नव्या फीडर रिलेमध्ये ती सोय असते, १५-२० टक्क्यांवर दुसरा हार्मोनिक दिसला की ओव्हरकरंट थांबवायचा. वापरा, पण त्यावर सगळा भार टाकू नका. ब्लॉकिंग खालच्या स्टेजला द्यायचं, १३०० चा हायसेट मोकळाच ठेवायचा, म्हणजे चार्जिंगच्याच क्षणी खरा फॉल्ट असेल तर रिले हार्मोनिक मोजत बसणार नाही.

सेटिंग वाढवायला वाव नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे दोघांना एकत्र चार्ज होऊच द्यायचं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रेकरना अंडरव्होल्टेज ट्रिप द्यायची, दोन-तीन सेकंदांच्या डिलेने, म्हणजे नुसत्या झटक्याला पडणार नाहीत. लाइन आली की एक लावायचा, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग दुसरा. दुसरा लावताना पहिला पण थोडा गुरगुरतो, कारण दुसऱ्याचा डीसी सप्लायच्या रेझिस्टन्सवर पडून पहिल्याच्या कोअरलाही सरकवतो, त्याला सिम्पथेटिक इनरश म्हणतात, त्यात उंची कमी असते पण ओसरायला वेळ लागतो. या पद्धतीचा तोटा एकच, रात्रपाळीला माणूस पॅनलपाशी नसेल तर लाइन येऊनही प्लांट बंद, आणि प्रॉडक्शनवाले ते ऐकून घेत नाहीत.

जे काही कराल, त्यासोबत रिलेमध्ये एक काम करून ठेवा. डिस्टर्बन्स रेकॉर्ड बहुतेक ठिकाणी फक्त ट्रिपवर सेव्ह होतो, तो पिकअपवर पण सेव्ह होईल असं करा. मग पुढच्या वादळात लाइन येईल, ब्रेकर पडणार नाही, आणि तरीही त्या क्षणाची वेव्ह रिलेत बसलेली असेल. त्यात ४५० आला की ५८० आला ते बघितलं की ६३० चा कागदावरचा हिशोब तुमच्या फीडरवर किती खरा आहे ते कळेल, आणि उद्या तिसरा ट्रान्सफॉर्मर लावायचा झाला तर हाच आकडा घेऊन बसता येईल.